अपडेटनंतर फोनचं नेटवर्क का जातं?

रात्री फोन चार्जिंगला लावला, अपडेट होऊ दिलं आणि सकाळी नेटवर्क गायब. मोबाईल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात ही तक्रार नेहमीची आहे. आंबिवलीसारख्या गावात ती जास्त झोंबते. टिटवाळ्याहून किंवा आसनगावहून येणारी लोकल पकडून ठाण्या-मुंबईला कामावर जाणारी माणसं इथे राहतात. त्यांचं तिकीट फोनवर, चहाचे पैसे फोनवर, बँकेचा ओटीपी फोनवर. मग माणूस घाबरतो आणि घाईत दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर घरीच फोन पूर्ण रीसेट करून सगळे फोटो घालवून बसतो, नाही तर दुकानात जाऊन 'सॉफ्टवेअर मारून द्या' म्हणतो. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते.

'नेटवर्क गेलं' हे वाक्य एकच असलं तरी त्यामागे तीन वेगवेगळे बिघाड असू शकतात. पहिल्यात फोनचा रेडिओच नीट सुरू झालेला नसतो. दुसऱ्यात रेडिओ चालू असतो, पण कंपनीच्या सेटिंग उडालेल्या किंवा चुकलेल्या असतात. तिसऱ्यात फोन आणि सेटिंग दोन्ही ठीक असतात, पण सिमची किंवा फोनची ओळख नेटवर्क मान्य करत नाही. उपाय तिन्हींचे निराळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. दुसरा प्रकार घरच्या घरी, पैसे न खर्चता सुटतो. या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

अपडेट नेमकं काय बदलतं

आपण ज्याला फोन म्हणतो त्यात दोन संगणक असतात. एक पडदा, अ‍ॅप आणि कॅमेरा सांभाळतो. दुसरा असतो मोडेम, तो फक्त टॉवरशी बोलतो. मोडेमचा प्रोसेसर वेगळा आणि त्याचं सॉफ्टवेअरही वेगळं. About phone मध्ये Baseband version नावाची जी ओळ दिसते ती या दुसऱ्या संगणकाची. मोठ्या अपडेटमध्ये अँड्रॉइड किंवा आयओएसबरोबर हे मोडेमचं सॉफ्टवेअरही बहुधा बदललं जातं, आणि त्याच्याबरोबर तिसरी एक गोष्ट बदलते: जगभरातल्या मोबाईल कंपन्यांच्या सेटिंगची यादी.

या यादीत प्रत्येक कंपनीसाठी बरंच काही लिहिलेलं असतं. इंटरनेटसाठी कुठलं APN वापरायचं, फोरजीवरून कॉल म्हणजे व्होल्टी चालू ठेवायचं की नाही, फाईव्हजी दाखवायचं की नाही, कुठल्या परक्या नेटवर्कला रोमिंग समजायचं आणि कुठल्याला घरचं, असं सगळं. आयफोनमध्ये हे सगळं कंपनीच्या नावाच्या एका गठ्ठ्यात येतं. अँड्रॉइडमध्ये ते दोन-तीन ठिकाणी विखुरलेलं असतं: APN ची यादी, कॅरिअर कॉन्फिग, आणि क्वालकॉमच्या फोनमध्ये मोडेमच्या आतली आणखी एक फाईल.

ही सेटिंग किती निर्णायक असते ते भारताने 2022 मध्ये पाहिलं. 1 ऑक्टोबर 2022 ला फाईव्हजी सुरू झालं. लोकांच्या हातातले कित्येक फोन फाईव्हजीचेच होते, चिप होती, अँटेना होता, तरी पडद्यावर 5G उमटेना. आयफोनवर जिओ आणि एअरटेलचं फाईव्हजी डिसेंबरमध्ये, आयओएस 16.2 बरोबर चालू झालं. फोनच्या आत काहीही नवं बसवलं नव्हतं. फक्त या दोन कंपन्यांसाठी परवानगी देणारी नोंद आली होती. हीच गोष्ट उलटी होऊ शकते: नोंद चुकली, तर चालू असलेली सेवा एका रात्रीत बंद पडते.

फोन स्वतः काय सांगतोय ते आधी वाचा

सेटिंगला हात लावण्याआधी पडद्यावर नेमकं काय लिहिलंय ते पाहावं. सगळ्यात जास्त माहिती तिथेच असते आणि लोक तीच वाचत नाहीत.

No service किंवा नुसत्या रिकाम्या दांड्या याचा अर्थ फोनला वापरण्याजोगा टॉवर ऐकूच येत नाही. Emergency calls only याचा अर्थ फोनला टॉवर ऐकू येतोय, पण आत घेतलं जात नाही. हा फरक फार मोठा आहे. दुसऱ्या वेळी रेडिओ चालू आहे हे सिद्धच झालं. मग संशय सिमवर, नेटवर्क निवडीच्या सेटिंगवर किंवा फोनच्या ओळखीवर घ्यायचा. No SIM दिसलं, तर बहुधा सिमची ट्रे नीट बसलेली नसते किंवा सिम वाचलं जात नसतं. फोन बंद करून सिम काढून, पुसून परत बसवावं आणि मग पुढचा विचार करावा. दांड्या भरलेल्या आहेत पण इंटरनेट नाही, हा APN किंवा डेटा रोमिंगचा प्रश्न. आणि इंटरनेट आहे पण कॉल लावला की लगेच कटतो, हा जवळजवळ नेहमीच व्होल्टीचा.

शेवटचं लक्षण कंपनीनुसार वेगळं दिसतं आणि त्यामुळे भल्याभल्यांची फसगत होते. जिओ 2016 मध्ये सुरू झालं तेच फक्त फोरजीवर. त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी कधी नव्हतंच. त्यामुळे जिओच्या फोनमधलं व्होल्टी उडालं, की कॉलच बंद. एअरटेलने थ्रीजी बंद केलं, पण टूजी ठेवलं. म्हणून त्याच फोनमध्ये, त्याच बिघाडात एअरटेलचा कॉल लागतो, फक्त कॉल चालू असताना वरचं 4G जाऊन इंग्रजी E उमटतं आणि नेट थांबतं. माणूस म्हणतो, 'एअरटेल ठीक आहे, जिओचं सिम खराब झालं.' सिम दोन्ही ठीक असतात.

यानंतर दोन तपासण्या, दोन्ही मिळून पाच मिनिटांच्या. एक, आपलं सिम घरातल्या दुसऱ्या चालत्या फोनमध्ये घाला. तिथेही नेटवर्क आलं नाही, तर अपडेटचा संबंध नाही. सिम बंद झालंय, किंवा कुणीतरी तुमच्या नावाने दुसरं सिम काढून घेतलंय, किंवा कंपनीचंच जाळं पडलंय. जाळं पडण्याची शक्यता हसण्यावारी नेऊ नये. 5 फेब्रुवारी 2022 ला जिओचं नेटवर्क मुंबई, ठाणे, कल्याण भागात कित्येक तास बंद होतं. त्या सकाळी ज्याने फोन अपडेट केला असेल त्याने दोष अपडेटलाच दिला असणार. दुसऱ्याच्या नावे सिम निघाल्याची शंका असेल, तर मात्र सेटिंग शोधत बसू नका. आधी बँकेला कळवा आणि मग मोबाईल कंपनीला.

दुसरी तपासणी म्हणजे डायलरवर `*#06#` टाकणं. फोनचा पंधरा अंकी IMEI दिसला पाहिजे, दोन सिमच्या फोनला दोन. मग About phone मध्ये Baseband version पाहा. IMEI च्या जागी शून्यं किंवा काहीच नाही, Baseband च्या जागी Unknown, असं असेल तर मोडेम सुरूच झालेला नाही. हा पहिल्या प्रकारचा बिघाड. इथे APN बदलून, नेटवर्क रीसेट करून काहीही होणार नाही. दोन्ही नीट दिसत असतील, तर निम्मी काळजी मिटली. बिघाड सेटिंगमध्ये असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

सिमवरचे पाच-सहा अंक

फोनला कसं कळतं की कुठल्या कंपनीची सेटिंग लावायची? दुकानदार सांगतो म्हणून नव्हे, आणि टॉवर सांगतो म्हणूनही नव्हे. सिमवर ग्राहकाचा एक क्रमांक असतो, त्याचे सुरुवातीचे पाच किंवा सहा अंक देश आणि कंपनी सांगतात. भारताचे पहिले तीन अंक 404 किंवा 405. पुढचे दोन किंवा तीन कंपनीचे. फोन सुरू होताना हे अंक वाचतो आणि यादीत तीच नोंद शोधतो. सापडली, तर सगळं आपोआप लागतं. नाही सापडली, किंवा तिथे जुनी चुकीची नोंद बसलेली असेल, तर सेटिंग अर्धवट लागते.

गुंता असा, की भारतात एका कंपनीचा एकच क्रमांक नसतो. परवाने सर्कलनुसार दिले गेले, म्हणून क्रमांकही सर्कलनुसार. एअरटेलचा मुंबई सर्कलचा क्रमांक 404-92, तर उरलेल्या महाराष्ट्राचा 404-90. पाटी दोन्हीकडे एअरटेलचीच, पण फोनच्या लेखी ही दोन वेगळी नेटवर्क. ती एकाच घरची आहेत, रोमिंग समजू नकोस, हे फोनला त्या यादीतूनच कळतं. अपडेटमध्ये ही नोंद गळाली, की कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे गेलेल्या फोनवर अचानक R दिसायला लागतो आणि डेटा रोमिंग बंद असेल तर नेट जातं.

आंबिवलीकराला यासाठी घाटापर्यंतही जावं लागत नाही. बीएसएनएलचं सिम असेल तर हद्द रोजच्या लोकलच्या वाटेवरच आहे. कल्याण-डोंबिवली, म्हणजे 0251 चा सगळा पट्टा, बीएसएनएलचा. ठाणे महापालिका, नवी मुंबई आणि मुंबई हा भाग वर्षानुवर्षं एमटीएनएलचा. दिवा-मुंब्रा ठाणे महापालिकेत येतात, म्हणून डोंबिवली-कोपर मागे पडलं की बीएसएनएलचं सिम दुसऱ्या जाळ्यावर जायचं. 2025 च्या सुरुवातीपासून एमटीएनएलचा कारभार बीएसएनएलकडे आला आहे. पण हातातला फोन सरकारी करार वाचत नाही, टॉवरवरून येणारा क्रमांक आणि आपली यादी वाचतो. एमटीएनएलचा मुंबईचा क्रमांक 404-69, बीएसएनएलचा महाराष्ट्राचा 404-66. पुढे जुना क्रमांक ऐकू आला आणि यादीत दोघांची सोयरीक लिहिलेली नसली, तर फोन त्याला रोमिंग समजतो.

एक नमुना, पायरी पायरीने

समजा, आंबिवलीतल्या एकाच्या अँड्रॉइड फोनमध्ये दोन सिम आहेत. पहिलं जिओचं, कॉलसाठी. दुसरं बीएसएनएलचं, स्वस्त पडतं म्हणून डेटासाठी. रात्री मोठं अपडेट झालं. सकाळी घरात नेट चालू आहे, पण जिओवरून फोन लावला की लगेच कटतो. ठीक आहे, नंतर पाहू म्हणून तो गाडी पकडतो. दिवा गेल्यावर नेटही बंद. कामावर पोचेपर्यंत त्याची खात्री होते की फोनच खराब झाला.

तो आधी `*#06#` करतो. दोन्ही IMEI दिसतात. Baseband ची ओळ भरलेली आहे. म्हणजे मोडेम जिवंत आहे. आता पाच मिनिटांसाठी डेटा जिओवर टाकून पाहायचा. नेट चालतं. याचा अर्थ जिओचा रेडिओ, सिम आणि इंटरनेटचं APN, तिन्ही ठीक. उरलं फक्त कॉल. जिओच्या नावाशेजारी जे व्होल्टीचं चिन्ह असायचं, ते आता नाही.

मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जिओच्या सिमखाली VoLTE किंवा 4G Calling चं बटण शोधायचं. ते असलं आणि बंद असलं, तर चालू करून फोन एकदा बंद-चालू केला की काम झालं. आपल्या माणसाच्या फोनमध्ये ते बटणच दिसत नाही. मग Access Point Names उघडायचं. तिथे एकच ओळ आहे, नाव 'Jio Fast'. दोनेक वर्षांपूर्वी नेट हळू चालतं म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून ती हाताने भरली होती. अँड्रॉइडची रीत अशी, की अपडेटमध्ये यादी नव्याने भरताना ग्राहकाने हाताने भरलेली किंवा बदललेली ओळ तो शक्यतो जपून ठेवतो. हेतू चांगला आहे, पण नवी यादी आणि जुनी ओळ यांचा मेळ बसत नाही, आणि त्यात व्होल्टीसाठी लागणारी `ims` नावाची वेगळी ओळ गहाळ होऊ शकते. कॉल त्या ओळीवरून जातात, `jionet` वरून नव्हे.

उपाय सोपा. त्याच पानावर वरच्या तीन ठिपक्यांत Reset to default असतं. ते दाबलं की फोन सिमचे अंक पुन्हा वाचून कंपनीची मूळ नोंद बसवतो. Wi-Fi चे पासवर्ड किंवा फोटो यांना धक्का लागत नाही. त्यानंतर फोन बंद करून तीसेक सेकंदांनी चालू करायचा, कारण मोडेमला नव्याने नोंदणी करायला लावायची असते. बटण परत येतं, चिन्ह येतं, कॉल लागतो.

रीसेटनंतरही यादी रिकामीच राहिली, तरच हाताने भरायचं. जिओसाठी एवढंच पुरतं:

```
Name: Jio
APN: jionet
APN type: default
APN protocol: IPv4/IPv6
```

एअरटेलचं APN `airtelgprs.com`, बीएसएनएलचं `bsnlnet`. प्रॉक्सी, पोर्ट, युजरनेम हे रकाने रिकामे ठेवायचे. MCC आणि MNC हे दोन रकाने फोनने आधीच भरलेले असतात. त्यांना हात लावू नये. तिथला अंक सिमशी जुळला नाही, तर Save केलेली ओळ यादीतून नाहीशी होते आणि माणूस तीच माहिती पुन्हा पुन्हा भरत बसतो. जिओच्या बाबतीत प्रोटोकॉलही महत्त्वाचा. त्यांचं जाळं IPv6 वर उभं आहे, त्यामुळे नुसतं IPv4 ठेवलं तर काही गोष्टी चालतात आणि काही अडतात. हा अर्धवटपणा शोधायला सगळ्यात त्रासदायक.

आता बीएसएनएल. घरी नेट आहे आणि दिव्यापलीकडे नाही, एवढ्यावरूनच कारण ओळखता येतं. अपडेटनंतर Data roaming चं बटण मूळ जागी, म्हणजे बंदवर गेलंय. बीएसएनएलच्या सिमखाली ते चालू करायचं. लोक रोमिंग या शब्दाला बिचकतात, पण इथे प्रश्न देशातल्याच जाळ्याचा आहे. ते बटण कायम चालू ठेवणं बीएसएनएलवाल्या आंबिवलीकराच्या सोयीचं. परदेशी जाताना मात्र आठवणीने बंद करावं.

म्हणजे एका अपडेटने दोन सिमचे दोन वेगळे दोष निघाले, आणि फोन उघडावा लागला नाही.

अडकलेली निवड आणि सिमची आठवण

Emergency calls only हे लक्षण असेल तर रस्ता थोडा वेगळा. आधी मोबाईल नेटवर्कमध्ये Automatically select network चालू आहे का पाहा. कधी तरी प्रवासात कुणी हाताने नेटवर्क निवडून ठेवलेलं असतं आणि फोन तोच क्रमांक धरून बसतो. तो क्रमांक या भागात ऐकू येत नसला, तरी दुसरीकडे वळत नाही.

स्वयंचलित निवडीनेही आत घेतलं नाही, तर एकदा मुद्दाम हाताने निवड करून पाहावी. यामागे कारण आहे. नेटवर्कने एकदा 'तुला इथे परवानगी नाही' असा नकार दिला, की फोन त्या नेटवर्कचा क्रमांक सिमवरच्या निषिद्ध यादीत लिहितो आणि पुढे आपण होऊन तिथे प्रयत्नच करत नाही. यादी सिमवर असल्यामुळे फोन बंद-चालू करून, अगदी फोन बदलूनही ती जात नाही. हाताने तेच नेटवर्क निवडून नोंदणी यशस्वी झाली, की तो क्रमांक यादीतून निघतो. मग निवड परत स्वयंचलित करून ठेवावी. हा उपाय मिनिटाभराचा आहे आणि दुकानांत फार क्वचित केला जातो.

Preferred network type हाही रकाना पाहून घ्यावा. वेगासाठी काही जण `*#*#4636#*#*` हा कोड टाकून आतल्या पानावर LTE only किंवा NR only निवडून ठेवतात. हे पान सगळ्या फोनमध्ये उघडत नाही, आणि उघडलं तरी त्यातली 'only' असलेली निवड धोक्याची. फाईव्हजी टॉवरचा आवाका सुटला की फोन फोरजीकडे उतरतच नाही. नेहमीच्या वापरासाठी 5G/4G/3G/2G अशी आपोआप उतरणारी निवड ठेवावी.

आयफोनमध्ये इतके रकाने हाताशी नसतात. तिथे फोन Wi-Fi ला जोडून Settings, General, About हे पान उघडायचं आणि थोडा वेळ तिथेच थांबायचं. कंपनीची नवी सेटिंग आलेली असेल तर Carrier Settings Update ची चौकट आपोआप वर येते. ती स्वीकारली की पुष्कळदा प्रश्न संपतो. चौकट आली नाही, तर सेटिंग अद्ययावत आहे असं धरायचं.

मोठा रीसेट, आणि त्याआधी

एवढं करूनही जमलं नाही, तर नेटवर्क रीसेट. आयफोनवर ते Settings, General, Transfer or Reset iPhone, Reset यांच्या आत Reset Network Settings नावाने आहे. अँड्रॉइडवर कंपनीप्रमाणे जागा बदलते, पण Settings मध्ये reset शोधलं की सापडतं. नव्या काही फोनमध्ये मोबाईल नेटवर्कचा रीसेट Wi-Fi आणि ब्लूटूथपासून वेगळा दिलेला आहे. तो असेल तर तोच वापरावा. एकत्र असेल तर घरच्या Wi-Fi चा पासवर्ड आधी लिहून ठेवावा, कारण सगळे साठवलेले पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. फोटो, संपर्क, मेसेज जात नाहीत.

ईसिम वापरणाऱ्यांनी इथे खास सावध राहावं. काही फोनमध्ये याच पानावर Erase eSIM अशी चौकट असते. तिथे टिकमार्क करू नये. ईसिम पुसलं गेलं की ते परत आणायला कंपनीची सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, आणि फोनला नेटवर्क नसताना ती करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

गॅलरीत जाऊन नवं सिम घेण्याची घाईही करू नये. सिम बदललं की सुरक्षेसाठी चोवीस तास त्या क्रमांकावर एसएमएस बंद ठेवले जातात. म्हणजे ओटीपी नाही. आधी जुनं सिम दुसऱ्या फोनमध्ये चालतं का, हे पाहिल्याशिवाय सिम बदलणं चुकीचं.

जिथे सेटिंगचा उपयोग नाही

कधी दोष खरोखर अपडेटमध्येच असतो. 24 सप्टेंबर 2014 ला अ‍ॅपलने आयओएस 8.0.1 काढलं आणि आयफोन 6 आणि 6 प्लसचं नेटवर्कच गेलं. अपडेट त्याच दिवशी मागे घेतलं गेलं, दुसऱ्या दिवशी 8.0.2 आलं. मधल्या काळात एकच उपाय होता, संगणकाला जोडून आयओएस 8 परत बसवणं. गुगलला पिक्सेल 6 चं डिसेंबर 2021 चं अपडेट अशाच नेटवर्कच्या तक्रारींमुळे थांबवावं लागलं आणि दुरुस्ती जानेवारी 2022 च्या शेवटी देऊ, असं सांगावं लागलं. अशा वेळी ग्राहकाने कितीही रीसेट केले तरी फरक पडत नाही. ओळख अशी: तुमच्याच मॉडेलच्या, तुमच्याच आवृत्तीच्या बाकीच्या फोनलाही त्याच दिवसांत तोच त्रास. इथे थांबणं आणि पुढचं छोटं अपडेट आलं की लगेच घेणं, हाच मार्ग.

मागच्या आवृत्तीवर जाऊ, असं पुष्कळांना वाटतं. आज ते फार थोड्या फोनवर शक्य आहे. अ‍ॅपल जुन्या आवृत्तीला मंजुरी देणं थोड्याच दिवसांत थांबवतं आणि अँड्रॉइडच्या कित्येक फोनमध्ये जुनं सॉफ्टवेअर नाकारणारं कुलूप असतं. जबरदस्तीने टाकलं तर फोन सुरूच न होण्याची भीती.

IMEI किंवा Baseband रिकामं असेल तर फोन अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यावा. तिथे ते त्याच मॉडेलचं, त्याच प्रदेशाचं पूर्ण सॉफ्टवेअर परत भरतात. आखातातून आणलेल्या किंवा जुन्या बाजारात घेतलेल्या फोनमध्ये 'प्रदेश' हा शब्द महत्त्वाचा, कारण दुसऱ्या देशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या कंपन्यांची व्होल्टीची नोंद नसू शकते. सॉफ्टवेअर नव्याने भरूनही Baseband रिकामंच राहिलं, तर दोष बोर्डवर आहे. आधीच कमकुवत झालेला सांधा अपडेटच्या लांबलेल्या गरम कामात सुटणं शक्य आहे, आणि मग सॉफ्टवेअरवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नये. IMEI उडाला असेल तर काही ठिकाणी 'दुसरा टाकून देतो' असं सांगतात. 2023 च्या दूरसंचार कायद्यात अशी ओळख बदलणं गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा किंवा चोरीच्या फोनचा निघाला, तर नेटवर्क फोनला कायमचं बाहेर ठेवेल. दुरुस्तीहून फोन परत घेताना `*#06#` करून खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. खोकं हरवलं असेल तर KYM, मग एक जागा सोडून IMEI, असा एसएमएस 14422 वर पाठवा. त्या क्रमांकावर कुठल्या कंपनीचं कुठलं मॉडेल नोंदलेलं आहे ते उत्तरात येतं.

पुढचं अपडेट घेण्याआधी फोन चालू स्थितीत असतानाच तीन पानांचे फोटो दुसऱ्या फोनवर काढून ठेवा: `*#06#` चं, About phone मधल्या Baseband चं आणि प्रत्येक सिमच्या APN यादीचं. अपडेटही सकाळी गाडीच्या वेळेआधी न घेता, घरात Wi-Fi आणि एक दुसरा चालू फोन असताना, सुट्टीच्या दिवशी घ्या.